प्रोड्युसर कंपनी की सोसायटी? सभासद, मत आणि नफा

मंडळी, एका बोटमालकांनी विचारलं, "माझा भाऊ नोकरीनिमित्त भोपाळला, कोटरा सुल्तानाबादला राहतो. आपण प्रोड्युसर कंपनी काढली तर त्याला शेअर घेता येईल का?" उत्तर आहे, नाही. का ते बघू, म्हणजे फरक आपोआप कळेल.

सभासद : २००३ पासून कंपनी कायद्यात उत्पादकांसाठी वेगळी कंपनी आहे. ती १० उत्पादकांनी किंवा उत्पादकांच्या दोन संस्थांनी काढता येते. मासळीचं उत्पादनही त्यात बसतं. सभासद मात्र उत्पादकच लागतो. भाऊ मासेमारी करत नसेल, तर त्याच्याकडे कितीही पैसे असोत, शेअर मिळत नाही. शेअर बाजारातही विकता येत नाही. संचालक मंडळाची परवानगी घेऊन दुसऱ्या सक्रिय सभासदालाच, तोही दर्शनी किमतीला, द्यायचा असतो.

मत : सगळे सभासद व्यक्ती असतील तर सोसायटीसारखंच, एकाला एक मत. शेअर १० असो वा १००. व्यक्ती आणि संस्था एकत्र असतील तरी प्रत्येकाला एकच. पण सगळ्या सभासद संस्थाच असतील तर मागच्या वर्षी कंपनीशी केलेल्या धंद्यावर मत ठरतं. पाच सोसायट्या मिळून कंपनी काढणार असाल, तर मोठ्या बंदराची सोसायटी भारी पडू शकते, हे आधी बोलून घ्या.

नफा : खरा फरक इथे आहे. समजा रामभाऊंचे शेअर १०,००० रुपयांचे, मासळी दिली ८ लाखांची. शांताबाईंचे शेअर १,००० चे, मासळी २४ लाखांची. महाराष्ट्रातल्या सोसायटीत लाभांश साधारण १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. म्हणजे रामभाऊंना जास्तीत जास्त १,५०० आणि शांताबाईंना १५० रुपये. धंद्यावर बोनस सोसायटीलाही देता येतो, पण उपविधीत तशी तरतूद हवी. कंपनीत शेअरवर मर्यादित परतावा देऊन, राखीव निधी बाजूला काढून, उरलेला नफा ज्याने जेवढा माल दिला त्या प्रमाणात वाटता येतो. तो १ टक्का निघाला तर रामभाऊंना ८,०००, शांताबाईंना २४,०००.

एक सांभाळा. माल देताना पूर्ण भाव हातात येईलच असं नाही. काही रक्कम कंपनी मागे ठेवू शकते आणि ती नंतर रोख किंवा शेअरच्या रूपानेही देऊ शकते. खलाशांचा पगार, बर्फ, डिझेल रोखीनेच भागवायचं असतं. म्हणून किती रक्कम, किती दिवसांत, हे नियमावलीत लिहून घ्या.

आणि सोसायटी बंद करू नका. डिझेल परतावा तिच्यामार्फतच येतो. राज्यापुरती सोसायटी थेट कंपनीत बदलताही येत नाही, ती सोय आंतरराज्य सोसायट्यांना आहे. पण मच्छिमारच सभासद असलेली सोसायटी कंपनीची सभासद होऊ शकते. आपल्यासाठी तोच रस्ता बरा.

पुढच्या सभेला येताना आपले उपविधी घेऊन या, बोनसचं कलम आहे का ते बघू.