नळीला नको असलेला पीळ

अवकाशातील वक्राभोवती नळी रचावयाची असेल, तर वक्रावर ठिकठिकाणी वर्तुळाकार कडी उभी करून शेजारच्या कड्यांवरील समान क्रमांकाचे बिंदू जोडावे लागतात. प्रत्येक कड्यावरील पहिला बिंदू कोणत्या दिशेस ठेवावा, हा खरा प्रश्न. फ्रेनेच्या चौकटीत ती दिशा अभिलंबाची, म्हणजे वक्र ज्या बाजूस वळतो त्या बाजूची असते.

y = x³ हा वक्र घेऊ. x = −0.1 येथे तो खाली वळतो, x = 0.1 येथे वर; मध्ये x = 0 पाशी वक्रता शून्य असल्यामुळे अभिलंब ठरतच नाही. म्हणून पहिला बिंदू एका कड्यावर तळाशी, तर पुढच्या कड्यावर माथ्याशी जातो. जोडरेषा नळीच्या आसातून जातात आणि नळी तेथे डमरूसारखी आवळते.

रिचर्ड बिशप यांनी १९७५ साली विवेचन केलेल्या चौकटीत आरंभीची दिशा आपण निवडतो. पुढे स्पर्शिका जेवढी कलेल तेवढीच ती दिशा कलवावयाची. स्पर्शिकेभोवती मात्र तिला फिरू द्यावयाचे नाही. वरील दोन्ही बिंदूंपाशी स्पर्शिकेचा चढ ०.०३ हाच आहे. म्हणून दिशाही तीच राहते आणि नळी अखंड उतरते.

एक मर्यादा ध्यानी ठेवावी. वक्र बंदिस्त असेल, तर फेरी पूर्ण झाल्यावर शेवटची दिशा पहिलीशी जुळेलच असे नाही. ३० अंशांचा फरक उरला आणि कडी ६० असली, तर प्रत्येक कड्यास अर्धा अंश जादा फिरवून तो वाटून द्यावा.