डबीवरचा मोठा आकडा

प्रश्न : आईचं वय ६२. दुकानदाराने कॅल्शियमच्या दोन डब्या दाखवल्या. एकीवर '५०० मिग्रॅ', दुसरीवर ठळक '१००० मिग्रॅ'. दुसरी महाग आहे, पण दुप्पट मिळतंय म्हणून तीच घ्यावी का? आईची अ‍ॅसिडिटीची गोळी रोज चालू असते.
– एक वाचक, सांगली

उत्तर : दुप्पट मिळतंय हे आधी तपासू. डबी उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. पहिलीवर बहुधा 'कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ, म्हणजे एलिमेंटल कॅल्शियम ५०० मिग्रॅ' असं असेल. एलिमेंटल म्हणजे त्या क्षारातलं निव्वळ कॅल्शियम, आणि हिशेब त्याचाच करायचा. कार्बोनेटमध्ये ते ४० टक्के असतं, सायट्रेटमध्ये जेमतेम २१.

आता दुसरी डबी. मागे 'कॅल्शियम सायट्रेट १००० मिग्रॅ' असेल, तर निव्वळ कॅल्शियम २१० मिग्रॅच. शिवाय सर्व्हिंगचा आकार पाहा. तिथे 'दोन गोळ्या' असेल, तर एका गोळीत उरले १०५. म्हणजे मोठ्या आकड्याच्या डबीतून पहिलीइतकं कॅल्शियम हवं तर रोज जवळपास पाच गोळ्या गिळाव्या लागतील!

तरीही सायट्रेटला लगेच नापास करू नका. कार्बोनेट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ते जेवणाबरोबर घेतात. आईची गोळी ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल असेल तर ती आम्लच कमी करते, आणि मग कार्बोनेटचं शोषण मंदावू शकतं. सायट्रेटला आम्लाची तेवढी गरज नसते, ते उपाशीपोटीही चालतं. कार्बोनेटने बद्धकोष्ठ आणि गॅसही जास्त होतात. तेव्हा आईसाठी सायट्रेट योग्य ठरू शकेल, फक्त निव्वळ आकडा बघून. मात्र कधी मुतखडा झाला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मात्रा किती? या वयाच्या बाईला दिवसाकाठी १२०० मिग्रॅच्या आसपास कॅल्शियम लागतं, पण ते सगळं गोळीतून नव्हे. एका मोठ्या कपभर दुधात साधारण २४० मिग्रॅ मिळतं, नाचणीची भाकरीही बरीच भर घालते. जेवणातून येतं ते वजा करून उरेल तेवढंच गोळीने भरा. एका वेळी ५०० मिग्रॅहून जास्त घेण्यात अर्थ नाही, कारण मात्रा वाढली की त्यातला शोषला जाणारा वाटा घटतो.

'कोरल' लिहिलेल्या डबीला भुलू नका. प्रवाळातलं कॅल्शियम म्हणजे मुख्यतः कार्बोनेटच. ते कर्करोग बरा करतं म्हणून विकणाऱ्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००३ साली कारवाई केली होती.

आई थायरॉईडची गोळी घेत असेल, तर ती आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर ठेवा.