*"छान आहे" या उत्तराने तांदूळ खपत नाही: पहिल्या गिऱ्हाइकांचा अभिप्राय कसा घ्यायचा आणि नव्या गिऱ्हाइकाला कसा दाखवायचा*



भात झोडून झाला, गिरणीतून तांदूळ आला, आता थेट विक्रीची धांदल सुरू होईल. आजचा पाठ थोडा मोठा आहे, निवांत वाचा. उदाहरण इंद्रायणी तांदळाचं घेतलंय. गूळ, हळद, डाळ विकणाऱ्यांनाही पद्धत हीच लागू पडते, फक्त प्रश्न आपापल्या मालाप्रमाणे बदलायचे.

समजा, मावळातल्या एका सभासदाने पुण्यातल्या दोन सोसायट्यांत 5 किलोच्या 30 पिशव्या पोचवल्या. ही पहिली 30 घरं बहुतेक ओळखीतून मिळतात. खरी अडचण एकतिसाव्या घरापासून सुरू होते, कारण ते तुम्हाला ओळखत नाही. इंद्रायणीच्या नावावर बाजारात दुसराच तांदूळ गळ्यात मारतात हे त्यांनी ऐकलेलं असतं. तुम्ही कितीही सांगा, विकणारा आपल्या मालाला चांगलाच म्हणणार हे त्यांना ठाऊक आहे. तिथे आधीच्या गिऱ्हाइकाचं बोलणं कामाला येतं, पण ते कामाचं असेल तरच.

*1. विचारायचं कधी?*

पिशवी दिली त्याच संध्याकाळी "कसा वाटला?" असं विचारू नका. तांदूळ अजून डब्यातही गेलेला नसतो. समोरचा "छान आहे 👍" असं पाठवून मोकळा होतो, आणि एकदा उत्तर दिलं की पुन्हा सहसा देत नाही.

8 ते 10 दिवस जाऊ द्या. तोवर भात तीन-चार वेळा शिजलेला असतो, पाण्याचा अंदाज आलेला असतो, घरातल्या सगळ्यांचं बोलून झालेलं असतं. आंबा विकत असाल तर पेटी पोचल्याच्या दिवशी विचारू नका, आढीतला आंबा पिकून खाल्ल्यावर विचारा. माल ज्या दिवशी तोंडात गेला, त्यानंतरचा अभिप्राय खरा.

यासाठी वहीत पाच रकाने पुरतात: नाव, सोसायटी, पिशवी दिल्याची तारीख, किती किलो, आणि कोणत्या दिवशी भरडलेला तांदूळ. शेवटचा रकाना विसरू नका, तक्रार आली की तोच उपयोगी पडतो.

*2. विचारायचं काय?*

"अभिप्राय द्या" म्हटलं की माणसाला काय लिहावं सुचत नाही. तीन साधे प्रश्न विचारा. नमुना असा:

_"नमस्कार ताई, तांदूळ देऊन दहा दिवस झाले. तीन गोष्टी विचारायच्या होत्या. आधी घरी कोणता तांदूळ वापरत होतात? आमचा कसा शिजवलात, पाणी किती घातलं, भात कसा झाला? आणि काय आवडलं नाही? लिहायला वेळ नसेल तर व्हॉइस मेसेज केला तरी चालेल."_

पहिल्या प्रश्नामुळे तुलना मिळते. दुसऱ्यामुळे स्वयंपाकघरातला तपशील मिळतो. तिसरा प्रश्न विचारायला जड जातो, पण तोच सगळ्यात जास्त देऊन जातो. उणीव विचारली की समोरच्याला कळतं की याला नुसती तारीफ नकोय, आणि मग चांगलंही मोकळेपणाने सांगितलं जातं.

सगळ्यांना एकदम एकच मेसेज ब्रॉडकास्टने टाकू नका. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्यांना ब्रॉडकास्टचा मेसेज पोचतच नाही. 30 जणांना वेगवेगळा, नावानिशी पाठवायचा. रोज 6 जणांना पाठवलात तर पाच दिवसांत काम होतं.

*3. आलेल्या उत्तरांचं काय करायचं?*

आपल्या उदाहरणात धरू की 30 पैकी 14 जणांनी उत्तर दिलं. त्यातल्या 8 जणांचं नुसतं "मस्त" आणि अंगठा. त्यांचे आभार माना आणि सोडून द्या. ती 8 उत्तरं एकाखाली एक लावून पाठवली तरी नव्या माणसाला काहीच कळत नाही.

चार जणांनी तपशील दिला. त्यातलं एक असं समजा: _"आधी कोलम आणायचो. याला वास छान आहे, वरण-भाताला मऊ होतो, मुलं तूप घालून नुसता खातात. पण पुलाव केला तर मोकळा झाला नाही."_

पुष्कळांना वाटेल की यातलं शेवटचं वाक्य कापून पुढे पाठवावं. कापू नका. इंद्रायणी हा जातीनेच मऊ, चिकटसर होणारा तांदूळ आहे. वरण-भात, मऊ भात, गुरगुट्या यासाठी तो घ्यायचा. बिर्याणीसाठी घ्यायचा नाही. हे वाक्य वाचून बिर्याणीवाला मागवणार नाही हे खरं. पण त्याने मागवला असता तर तक्रारच केली असती. आणि ज्याला मऊ भात हवाय त्याची याच वाक्याने खात्री पटते की हे घरातल्या माणसाचं बोलणं आहे, विकणाऱ्याने लिहून घेतलेलं नाही.

*4. दोन तक्रारी आल्या, त्या कशा हाताळायच्या?*

उरलेली दोन उत्तरं तक्रारीची. एक: _"भात अगदी गिचका झाला."_ दुसरी: _"तुकडा फार आहे."_

गिचक्याची तक्रार आली की आधी विचारा, पाणी किती घातलं? बहुतेक वेळा उत्तर येतं, नेहमीएवढंच. नव्या तांदळाला जुन्यापेक्षा पाणी कमी लागतं. जुन्याच्या मापाने पाणी घातलं की भात गिचका होतोच. त्यांना सांगा, पुढच्या वेळी पाणी अर्धी वाटी कमी घालून बघा, नाहीतर पातेल्यात शिजवा म्हणजे पाण्याचा अंदाज घेता येईल. चार दिवसांनी पुन्हा विचारा.

त्यांचं उत्तर आलं की _"या वेळी नीट झाला, पाणी कमी घातलं,"_ तर हा तुमचा सगळ्यात मोलाचा अभिप्राय. नव्या गिऱ्हाइकाची मुख्य भीती "माल खराब निघाला तर हा फोन उचलेल का?" ही असते. तिचं उत्तर यातच आहे. शिवाय आता प्रत्येक पिशवीत "नवा तांदूळ आहे, पाणी कमी घाला" अशी चिठ्ठी टाकायची हे तुम्हाला कळलं.

तुकड्याची तक्रार वेगळी. इथे गिऱ्हाइकाला समजावत बसायचं नाही. वहीत बघा, पिशवी कोणत्या दिवशीच्या भरडाईची होती. त्याच दिवसाच्या बाकीच्या पिशव्या उघडून तुकडा बघा. सगळीकडे जास्त असेल तर भात जास्त वाळला होता की गिरणीत काही झालं ते शोधा. तो माल चाळून द्या किंवा तुकडा म्हणून कमी दराने वेगळा विका. गिऱ्हाइकाला पिशवी बदलून द्या. हा दोष दुरुस्त झाल्याशिवाय त्या मालाची कुणाचीही तारीफ पुढे पाठवू नका.

*5. परवानगी घ्या, शब्द बदलू नका*

कुणाचाही मेसेज पुढे पाठवण्याआधी विचारा: _"तुमचं हे वाक्य नव्या लोकांना दाखवू का? नाव पूर्ण लिहू, की फक्त पहिलं नाव आणि सोसायटी?"_ होकार लेखी ठेवा, तोच मेसेज जपून ठेवला तरी पुरे. स्क्रीनशॉटमध्ये फोन नंबर आणि फोटो झाकून टाका. लांब मेसेज छोटा केलात तर चालेल, अर्थ बदलता कामा नये. भाषा "सुधारू" नका. साध्या, चुकतमाकत लिहिलेल्या वाक्यावर विश्वास जास्त बसतो.

⚠️ काही गोष्टी टाळायच्याच:
▪️ पाहुण्यांकडून किंवा स्वतःच अभिप्राय लिहून घेणं. खोट्या, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली कारवाई होऊ शकते.
▪️ "चांगलं लिहा, 50 रुपये सूट देतो" असं सांगणं. गूगलच्या नियमांतही पैसे किंवा सूट देऊन रिव्ह्यू घेणं बसत नाही.
▪️ "हा भात खाऊन शुगर कमी झाली" असा मेसेज पुढे पाठवणं. गिऱ्हाईक मनापासून लिहील, पण तुम्ही पाठवलात की तो तुमचा दावा होतो.
▪️ गिऱ्हाइकाने "ऑरगॅनिक" लिहिलं आणि तुमच्याकडे प्रमाणपत्र नसेल, तर ते वाक्य वापरू नका.

*6. कुणाला कोणता अभिप्राय दाखवायचा?*

सगळे स्क्रीनशॉट एकदम पाठवले तर कुणी वाचत नाही. समोरच्याने काय विचारलं ते बघा आणि त्याच शंकेचा एकच अभिप्राय पाठवा. "खरी इंद्रायणी आहे का?" असं विचारलं तर वासाबद्दल लिहिलेला. "चिकट होतो का?" तर पाणी कमी घातल्यावर नीट झालेला. "पुढच्या वेळीही असाच मिळेल का?" तर ज्यांनी दुसऱ्यांदा मागवला त्यांचा. सोबत तारीख टाका. त्याच सोसायटीतलं कुणी फोनवर बोलायला तयार असेल, तर त्यांना आधी विचारून जोडून द्या. शेजारणीच्या दोन मिनिटांच्या बोलण्याइतकं काम दहा मेसेजनी होत नाही.

खाणावळवाल्याला मात्र घरातली तारीफ दाखवून उपयोग नाही. त्याला वजन बरोबर येतं का, तुकडा किती आणि दर महिन्याला माल मिळतो का एवढंच हवं असतं. त्यासाठी एका खाणावळीला आधी थोडा माल द्या आणि तिथल्या स्वयंपाक्याचं मत घ्या.

*7. अभिप्रायही जुना होतो*

गेल्या हंगामातलं बोलणं यंदाच्या तांदळाला चिकटवू नका. वाळवण, भरडाई बदलली की माल बदलतो. दर हंगामात पहिल्या 30 घरांना पुन्हा विचारा. आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला एक प्रश्न करा: _"काय बघून मागवलात?"_ उत्तर वहीत लिहा. दोन महिन्यांनी वही चाळलीत की कोणत्या वाक्याने माल खपला आणि कोणतं नुसतं फिरत राहिलं ते समजेल.

📌 *या आठवड्याचं काम:* ज्यांना माल देऊन 8 दिवस झालेत अशी 6 नावं काढा आणि वरचा तीन प्रश्नांचा मेसेज आपल्या शब्दांत पाठवा. तक्रारीचं उत्तर आलं आणि काय लिहावं सुचलं नाही, तर गिऱ्हाइकाचा नंबर झाकून तो मेसेज कंपनीच्या याच नंबरवर पाठवा, मिळून उत्तर तयार करू.