दुसऱ्याचा बायोडेटा पुढे देताना

जुबैलमधल्या एका स्नेह्यांना नोकरी बदलायची होती. त्यांच्यासाठी शब्द टाकताना मी नाव आणि कंपनी सांगितली नाही. ‘पाइपिंगचा १० वर्षांचा अनुभव’ एवढेच सांगितले. आपले वर्तुळ लहान; दुसरी नोकरी पक्की होण्याआधीच बातमी साहेबांच्या कानी गेली, तर आहे ती नोकरीही धोक्यात येते. समोरच्याने विचारणा केल्यावर मी स्नेह्यांना विचारले, “कोणाला, काय देऊ?” होकार आल्यावरच बायोडेटा दिला, तोही इकामा क्रमांक वगळून. इकामा व पासपोर्टची प्रत नेमणूक ठरल्यावर ज्याची त्याने द्यावी. सौदीचा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सप्टेंबर २०२४ पासून पूर्णपणे लागू आहे. त्यात घरगुती वापराला सूट आहे. माहिती इतरांना दिली की ती उरत नाही.