उद्याचे सादरीकरण, आजची संहिता

प्रश्न : वरिष्ठांनी १२ स्लाइडची फाइल पाठवून ‘उद्या मला हे सादर करायचे आहे, भाषण लिहून द्या’ एवढेच कळवले. स्लाइडवरील मुद्दे पूर्ण वाक्यांत मांडले, तर पुरेल का?

उत्तर : पुरणार नाही, कारण श्रोते स्लाइड स्वतःच वाचतात आणि तेच शब्द पुन्हा ऐकताना त्यांचे लक्ष उडते. वेळ किती आणि श्रोते कोण, एवढे दोनच प्रश्न वरिष्ठांना विचारावेत. उत्तर न आल्यास १५ मिनिटे गृहीत धरून, मिनिटाला साधारण १०० शब्दांप्रमाणे दीड हजार शब्द लिहावेत आणि हे गृहीतक संहितेच्या माथ्यावर नोंदवावे. स्लाइडखालील ‘नोट्स’, म्हणजे केवळ वक्त्याला दिसणारी टिपणे, आधी वाचावीत. ‘विक्री : ४० लाख → ५२ लाख’ अशी ओळ असेल, तर ‘गेल्या वर्षी चाळीस लाखांची विक्री होती, यंदा ती तीस टक्क्यांनी वाढली’ असे लिहावे. वाढीचे कारण मात्र स्लाइडवर नसेल, तर ते कल्पनेने मुळीच भरू नये. तेथे ‘[कारण वक्त्याने सांगावे]’ अशी ठळक खूण ठेवावी, कारण सभेतील पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येतो. शेवटी संहिता मोठ्याने वाचून वेळ मोजावा. ज्या वाक्यात दम लागतो, ते तोडावे.