गर्भवतीची तपासणी आणि घरातील मारहाण

दर महिन्याच्या ९ तारखेला, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या दिवशी, ग्रामीण रुग्णालयात गर्भवतींची मोठी गर्दी असते. समजा, त्या गर्दीत सहाव्या महिन्यातील एक स्त्री सासूबरोबर आली आहे. मागच्या दोन तपासण्यांना ती आलेली नाही. तिच्या दंडावर काळानिळा डाग आहे. "पायरीवरून पडली," असे सासूच परस्पर सांगते. अशा वेळी परिचारिकेने सर्वांसमक्ष "घरी मारतात का?" असे विचारले, तर उत्तर नकारार्थीच येणार आणि संध्याकाळी घरी त्या प्रश्नाची किंमत त्या स्त्रीलाच मोजावी लागणार.

म्हणून प्रश्नाआधी एकांत साधावा लागतो. केवळ पडदा ओढणे पुरेसे नाही, कारण पडद्यातून आवाज जातो. दार बंद होणारी खोली हवी. एकाच स्त्रीला बाजूला नेल्यास नातेवाइकांना संशय येतो. त्यासाठी वजन आणि पोटाची तपासणी प्रत्येक गर्भवतीची एकटीचीच होईल, असा नियम लावून ठेवणे उत्तम. मग सासूला बाहेर थांबण्यास सांगताना वेगळे कारण शोधावे लागत नाही. दोन वर्षांवरील, बोलू लागलेले मूलही त्या वेळी खोलीत नसावे. दुभाषी लागल्यास नातेवाईक किंवा त्याच गावातील ओळखीची बाई घेऊ नये. आशा कार्यकर्ती कितीही विश्वासू असली तरी ती त्याच वस्तीत राहते, हे विसरता येत नाही.

प्रश्न एकदम विचारू नये. प्रथम सांगावे, "गरोदरपणात पुष्कळ बायकांना घरी त्रास होतो, म्हणून आम्ही सगळ्यांनाच विचारतो." गर्भवती १८ वर्षांखालील असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, हेही विचारण्याआधीच सांगणे प्रामाणिकपणाचे ठरते. त्यानंतर साधे शब्द वापरावेत : "घरात कुणाची भीती वाटते का? कुणी मारले, ढकलले, पोटावर लाथ मारली का? मनाविरुद्ध संबंध ठेवले जातात का?" 'हिंसाचार' हा शब्द टाळावा, अनेक स्त्रिया रोजच्या चापटीला तो शब्द लावीत नाहीत. मध्येच दार उघडले, तर बोलणे लोहाच्या गोळ्यांवर वळवावे. ती नाही म्हणाली, तर उलटतपासणी नको. पुढच्या भेटीत पुन्हा विचारता येते.

आपल्या उदाहरणातील स्त्री सांगते की, नवऱ्याने पोटावर लाथ मारली. आता पहिले काम वैद्यकीय आहे. रक्तस्राव, पोटातील वेदना, बाळाची हालचाल आणि हृदयाचे ठोके तपासावेत. वरून जखम दिसत नसली तरी वार आत सुटण्याचा धोका असल्याने तिला काही तास देखरेखीखाली ठेवावे. रक्तगट आर-एच निगेटिव्ह असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते.

तपासताना तिचे म्हणणे तोडू नये. "यात तुझा दोष नाही" एवढे वाक्य पुरते. "सांभाळून घे" हा सल्ला आणि नवऱ्याला बोलावून दिलेली समज, ही दोन्ही चांगल्या हेतूने होतात आणि दोन्ही घातक ठरतात. तिने बाहेर सांगितले हे नवऱ्याला त्यातूनच कळते. मग विचारावे : मारहाण वाढत चालली आहे का? गळा दाबला का? हत्याराचा धाक किंवा मारून टाकण्याची धमकी दिली का? आज घरी जाणे सुरक्षित वाटते का? गळा दाबलेला असेल, तर धोका फार मोठा समजावा. अशा रात्री तिला दाखल करून घेणे हाच सुरक्षित निवारा होऊ शकतो.

नोंद करताना खबरदारी हवी. माता-बाल संरक्षण कार्ड घरी जाते, त्यावर यातले एक अक्षरही लिहू नये. दवाखान्यातील केसपेपरवर मात्र जखमेची जागा, आकार, रंग आणि तिचे शब्द जसेच्या तसे लिहावेत. पुढे न्यायालयात तेच उपयोगी पडते. हा केसपेपर कुलुपात राहिला पाहिजे. छापील पत्रक देऊ नये. १८१ हा महिला मदत क्रमांक तीनच आकडी असल्याने पाठ होतो.

कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ चा असून २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अमलात आहे. त्याखाली संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करून दंडाधिकाऱ्यांपुढे ठेवू शकतो, आणि शासकीय रुग्णालय पीडित स्त्रीला उपचार नाकारू शकत नाही. हे मार्ग तिला समजावून सांगावेत. घर सोडायचे की नाही, हे तिनेच ठरवायचे असते. या शतकाच्या प्रारंभी मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका व 'सेहत' संस्थेने 'दिलासा' केंद्र सुरू केले. तेथे समुपदेशक रुग्णालयातच उपलब्ध असल्याने स्त्रीला वेगळा बहाणा करून बाहेर जावे लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत सरसकट प्रत्येक रुग्णस्त्रीला विचारण्याची शिफारस नाही. गर्भवतींच्या तपासणीत विचारावे, पण एकांत, प्रशिक्षित कर्मचारी आणि पुढे पाठविण्याची सोय असेल तरच, असा त्यांचा आशय आहे. ज्या केंद्रात यातले काहीच नाही, तेथे प्रश्न विचारण्याआधी बंद दाराची खोली मिळवावी आणि संरक्षण अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक परिचारिकेच्या टेबलाच्या खणात ठेवावा. उदाहरणातील स्त्रीची पुढची तारीख महिन्याची न देता "रक्त पुन्हा तपासायचे आहे" असे सांगून आठवड्याची द्यावी, म्हणजे सासूला कारण पटते आणि तिची पुन्हा एकटीने भेट होते.