मुदत पहाटे साडेपाचला कशी?

प्रश्न : असाइनमेंटच्या तारखांची .ics फाइल गुगल कॅलेंडरमध्ये घेतली. १५ सप्टेंबरची रात्री ११:५९ची मुदत १६ तारखेला पहाटे ५:२९ला दिसते. दोन दिवस आधीची आठवणही येत नाही.

उत्तर : तुम्ही 235900Z लिहिलं असणार. शेवटचा Z म्हणजे यूटीसी. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. तेवढे वजा करा :

```
DTSTART:20260915T182900Z
```

आठवणीचा VALARM भाग गुगल आयात करताना सहसा सोडून देतं, तेव्हा फाइलशी झगडू नका. असाइनमेंटसाठी वेगळं कॅलेंडर काढा, त्याच्या सेटिंगमध्येच दोन दिवस आधीची सूचना लावा आणि दुरुस्त फाइल त्यात आयात करा. जुन्या चुकीच्या नोंदी आधी पुसा. रोजची लेक्चरं मात्र यात नकोत, नाहीतर त्यांचीही आठवण दोन दिवस आधी वाजेल.